‘हे कलम मी आज पहिल्यांदा बघतोय’: विमा कंपनीने छापील अटीवर बोट ठेवून दावा नाकारला, तर काय करायचं

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते उतरल्यावर साधारण महिन्याभरात दुकानदारांचं दुसरं संकट सुरू झालं, कागदांचं. त्यातलं एक प्रकरण मी वकील म्हणून शेवटपर्यंत चालवलं. माणूस ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलून ते इथे मांडतो, कारण छापील करारातली अन्यायकारक अट न्यायालयात कशी टिकते आणि कशी पडते, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं.

दुकान कापडाचं. वर विक्रीचा गाळा, खाली गोदाम. कोविडमुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे गणवेशाच्या कापडाचे न विकलेले गठ्ठे खालीच पडून होते. बँकेचं सीसी खातं, म्हणजे दुकानातल्या मालाच्या तारणावरचं कर्जखातं होतं आणि विम्याचा हप्ता बँकच दरवर्षी नोव्हेंबरमध्ये खात्यातून कापून घ्यायची. पॉलिसी स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्सची होती, पुराचं संरक्षण त्यात होतं. सर्व्हेअर आला, त्याने दोन्ही मजल्यांवरचं नुकसान मोजलं, फोटो काढले. मग कंपनीचं पत्र आलं: वरच्या गाळ्यातल्या मालाचे पैसे देऊ, खालच्या मालाचे नाही, कारण ‘तळघरातील माल पॉलिसीतून वगळला आहे’. पत्रासोबत अटींचं बारा पानी पुस्तक जोडलं होतं. ते माझ्या टेबलावर ठेवून दुकानदार म्हणाले, “वकीलसाहेब, ही पानं मी आज पहिल्यांदा बघतोय.”

या एका वाक्यात त्यांचं सगळं प्रकरण होतं, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. ‘ही अट अन्यायकारक आहे, एवढं पाणी आलं आणि हे लोक पैसे देत नाहीत’ असं लिहायचं, हीच त्यांची तयारी होती. बहुतेक जण अन्यायापासूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

न्यायालय कोणत्या क्रमाने विचार करतं

आपला करार कायदा 1872 चा. अन्यायकारक अटींसाठी त्यात वेगळं कलम नाही. विधी आयोगाने 1984 च्या 103 व्या अहवालात आणि पुन्हा 2006 च्या 199 व्या अहवालात तशी तरतूद करायला सुचवलं, पण करार कायद्यात ती आली नाही. त्यामुळे हे काम न्यायालयांनी निकालांमधून केलं. 1986 साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्याला छापील कागदावर सही करण्यावाचून दुसरा मार्गच नाही अशा दुर्बळ पक्षावर लादलेली, सद्सद्विवेकाला न पटणारी अट कलम 23 खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरू शकते. त्याच निकालात मर्यादाही आहे: दोन्ही बाजूंची ताकद जवळपास सारखी असेल, तर हे तत्त्व लागू होत नाही.

अट अन्यायकारक म्हणून रद्द करा, हे न्यायालयाकडे मागण्यासारखं सगळ्यात जड मागणं आहे. करार पुन्हा लिहून द्यायला न्यायाधीश सहसा तयार नसतात. त्याआधी तीन हलके प्रश्न येतात आणि बहुतेक विमा प्रकरणं त्यातच निकाली निघतात. ही अट ग्राहकापर्यंत पोचली होती का? पोचली असेल, तर तिच्या शब्दांचा नेमका अर्थ काय? आणि तो अर्थ घेतला, तर मूळ संरक्षणच उरत नाही असं होतं का? अन्यायाचा प्रश्न यांच्यानंतर.

पहिल्या प्रश्नाचं वजन दोन निकाल शेजारी ठेवले की कळतं. युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या 2004 च्या खटल्यात पॉलिसीत लिहिलं होतं की घरफोडी बळाचा वापर करून झालेली असली पाहिजे. चोरी तशी झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: शब्द स्पष्ट आहेत, आम्ही ते बदलू शकत नाही. 2019 मध्ये भारत वॉच कंपनी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या खटल्यात मुद्दा तोच होता, बळाचा वापर न होता झालेली चोरी. इथे मात्र दुकानदार जिंकला, कारण वगळणाऱ्या अटी त्याला दिल्याच नव्हत्या. इतकी वर्षं पॉलिसी घेतोय म्हणजे अटी माहीत असणारच, हे गृहीतकही न्यायालयाने मानलं नाही. कलम एकाच जातीचं, निकाल उलटे. फरक पडला तो कागद हातात पोचला होता की नाही, यामुळे.

पहिली पायरी: नाकारल्याचं पत्र शब्दाशब्दाने वाचा

हे पत्र म्हणजे कंपनीने स्वतःभोवती घातलेलं कुंपण असतं. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या 2019 च्या निकालाप्रमाणे, पत्रात न दिलेलं कारण कंपनीला पुढे ग्राहक आयोगासमोर नव्याने काढता येत नाही. आमच्या पत्रात एकच कारण होतं, तळघर. ‘नुकसान उशिरा कळवलं’ असं त्यात नव्हतं. खरं तर फोन बंद असल्यामुळे कळवायला पाच दिवस लागले होते आणि दुकानदारांना त्याचीच जास्त धास्ती होती. पत्र वाचल्यावर मी त्यांना सांगितलं, त्या मुद्द्यावर आपण स्वतःहून एक ओळही लिहायची नाही.

पत्रावरची तारीख पेन्सिलने गोल करा आणि पाकीट जपून ठेवा. मुदत इथून मोजली जाते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षं मिळतात. अनेक जुन्या पॉलिसींत एक ओळ असते: दावा नाकारल्यापासून 12 महिन्यांत कोर्टात गेला नाहीत, तर तुमचा हक्क संपला. ती वाचून लोक घरी बसतात. करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 8 जानेवारी 1997 पासून झालेल्या दुरुस्तीनंतर, ठरावीक मुदत उलटली म्हणून हक्कच संपवणारी अशी अट तेवढ्यापुरती रद्द ठरते. तरीही वर्षाच्या आत तक्रार करावी, असंच मी सांगतो. जो वाद टाळता येतो, तो ओढवून कशाला घ्यायचा?

दुसरी पायरी: आपल्याकडे नेमके कोणते कागद आले, ते सिद्ध करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: अटींचं पुस्तक पॉलिसीसोबत पाठवलं होतं. दुकानदारांच्या घरी जी फाइल होती, ती मी स्वतः बघितली. दरवर्षीचं एकेक पान, त्यावर पॉलिसी क्रमांक, विम्याची रक्कम, हप्ता, बँकेचं नाव. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सोबत जोडलेल्या अटींच्या अधीन’ असं छापलेलं. जोडलेलं काहीच नाही. स्टेपलरच्या पिनेची भोकंसुद्धा नव्हती. हे क्षुल्लक वाटेल, पण सुनावणीत मूळ पानं दाखवताना याचा उपयोग झाला.

अशी फाइल असेल तर तिला हात लावू नका, पंचिंग करू नका, नवीन कागद त्यात घालू नका. मग कंपनीला आणि बँकेला एकाच दिवशी पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. आम्ही लिहिलेलं पत्र असं होतं:

“आपल्या पत्रात उल्लेख केलेली तळघरासंबंधीची अट मला पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी दिलेली, वाचून दाखवलेली किंवा समजावून सांगितलेली नाही. ती मला प्रथमच आपल्या पत्रासोबत मिळाली. कृपया पुढील कागदांच्या प्रती 15 दिवसांत द्याव्यात: माझ्या नावाचा प्रस्ताव अर्ज, अटींचं पुस्तक मला कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने पाठवलं त्याची नोंद आणि पोच, विमा देण्यापूर्वी जागेची पाहणी केली असल्यास तो अहवाल, सर्व्हेअरचा अंतिम अहवाल.”

या पत्रात रागाचा एकही शब्द नाही, हे लक्षात घ्या. त्याचं काम पुरावा तयार करणं आहे. 15 दिवसांत पोच दाखवली नाही, तर ते मौनच तुमच्या बाजूने बोलतं. विमा कंपनी किंवा बँक सरकारी मालकीची असेल, तर हीच माहिती 10 रुपये भरून माहिती अधिकारात मागता येते. आम्ही ती बँकेकडे मागितली. उत्तर आलं की पॉलिसीची प्रत शाखेच्या फाइलमध्ये आहे, ग्राहकाला दिल्याची नोंद आढळत नाही.

कायद्याचा आधार जुना आणि भक्कम आहे. 2000 साली मॉडर्न इन्सुलेटर्स विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, वगळणारी अट ग्राहकाला दिलेल्या कागदांत नव्हती आणि त्याला कळवलीही नव्हती, तर कंपनी तिचा आधार घेऊ शकत नाही. विम्यात ग्राहकाने काही लपवायचं नसतं, हे कंपन्या नेहमी सांगतात. तोच नियम कंपनीलाही लागू आहे.

एक इशारा मात्र देतो. प्रस्ताव अर्जावर तुमची सही असेल आणि त्याच्या वर ‘मला सर्व अटी समजावून सांगितल्या’ असं छापलेलं असेल, तर काम अवघड होतं. अशक्य नव्हे, पण मग निव्वळ ‘मिळालं नाही’ म्हणून भागत नाही. अर्ज कोणी भरला, कुठे भरला, तुम्हाला ती भाषा वाचता येते का, हे सांगावं लागतं. आणि खोटं कधीही बोलू नका. पुस्तक ईमेलवर आलं असेल आणि तुम्ही उघडून बघितलं नसेल, तर ते आलं होतं. अशा वेळी थेट चौथ्या पायरीकडे जा.

तिसरी पायरी: समोरच्याला माहीत होतं, हे दाखवा

तळघर वगळणं ही अट मुळातच वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. चिपळूणसारख्या गावात पाणी आधी तिथेच भरतं. तो धोका घ्यायचा नाही किंवा त्याचा वेगळा हप्ता लावायचा, हे कंपनीने ठरवणं रास्त आहे. अन्याय सुरू होतो तो माल खाली आहे हे माहीत असताना त्यावरचा हप्ता घेतला आणि नुकसान झाल्यावर अट काढली तेव्हा.

म्हणून आम्ही बँकेला दर महिन्याला दिलेली स्टॉक स्टेटमेंट काढली. त्यात दोन रकाने होते, ‘दुकान’ आणि ‘खालचं गोदाम’. बँकेच्या अधिकाऱ्याने पुराच्या चार महिने आधी प्रत्यक्ष पाहणी करून त्याच कागदावर सही केली होती. याच बँकेने कंपनीच्या वतीने पॉलिसी विकली होती आणि कमिशन घेतलं होतं. विम्याची 18 लाखांची रक्कमही बँकेने या दोन्ही रकान्यांच्या बेरजेवरून ठरवली होती. निव्वळ वरच्या गाळ्यात एवढा माल मावतच नव्हता.

इथे 9 नोव्हेंबर 2022 चा टेक्सको मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी हा निकाल कामाला आला. त्यातलं दुकान तळघरात होतं, पॉलिसीने तळघर वगळलेलं होतं आणि जागा तळघरात आहे हे कंपनीला ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्या अटीच्या आड लपू दिलं नाही. करार ज्या हेतूने केला तो हेतूच अट मारत असेल, तर ती अट बाजूला ठेवावी लागते, आणि अशा अटीची माहिती देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

पण हा निकाल जसाच्या तसा वापरता येत नव्हता. तिथे अख्खं दुकान तळघरात होतं, म्हणजे त्या पॉलिसीत काहीच उरत नव्हतं. आमच्याकडे वरच्या गाळ्याचं संरक्षण शाबूत होतं. कंपनीच्या वकिलाने हे लगेच दाखवून दिलं आणि त्यात तथ्य होतं. म्हणून मूळ हेतूचा मुद्दा आम्ही दुय्यम ठेवला आणि मुख्य भर दोन गोष्टींवर दिला: अट दिली नाही, आणि माहीत असून हप्ता घेतला. निकालाचं नाव मोठं आहे म्हणून त्यावर सगळा भार टाकू नका. त्याची हकीकत आपल्या हकीकतीशी किती जुळते, हे आधी प्रामाणिकपणे बघा.

चौथी पायरी: शब्दाला हात लावून बघा

अट पोचली होती असं धरलं, तरी तिचे शब्द आपल्या जागेला लागू पडतात का, हे तपासायचं राहतं. त्यासाठी मी चिपळूणला जाऊन गोदाम बघितलं. रस्त्यावरून आठ पायऱ्या उतरून आत जावं लागतं, म्हणून सगळे त्याला तळघर म्हणतात. पण मागे जमीन पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे उतरत जाते. मागच्या बाजूला गोदामाला पूर्ण उंचीचं शटर आहे आणि ते थेट मागच्या गल्लीच्या पातळीवर उघडतं. टेम्पो तिथेच लागतो. पुढून बघाल तर तळघर, मागून बघाल तर तळमजला. कोकणात उतारावर बांधलेल्या शेकडो इमारती अशाच आहेत.

पॉलिसीत ‘बेसमेंट’ची व्याख्या दिलेली नव्हती. अशा वेळी नियम असा की, संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध घ्यायचा, कारण स्पष्ट लिहिणं त्याच्या हातात होतं. विम्याच्या बाबतीत हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1966 च्या जनरल ॲशुरन्स विरुद्ध चांदमल जैन या खटल्यापासून मान्य केलेलं आहे. शिवाय नुकसान अपवादात बसतं हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर असतं. ईशर दास मदन लाल यांच्या 2007 च्या खटल्यात ते सांगितलं आहे. तुम्हाला ‘हे तळघर नाही’ असं सिद्ध करायचं नसतं.

आम्ही नगरपरिषदेकडून मंजूर नकाशाची प्रत घेतली. त्यात त्या मजल्यावर ‘लोअर ग्राउंड फ्लोअर’ असं लिहिलेलं निघालं. मागच्या शटरचे, गल्लीची पातळी दिसेल असे फोटो शपथपत्राला जोडले. तलाठ्याच्या पंचनाम्यातही ‘खालचा गाळा’ असाच उल्लेख होता.

ही युक्ती ताणू नका. जागा चारी बाजूंनी जमिनीखाली असेल, तर ती तळघरच. तिथे शब्दाचा खेळ केला, तर तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही जातो.

पाचवी पायरी: डिस्चार्ज व्हाउचर

मध्येच कंपनीने वरच्या मालाचे पैसे द्यायची तयारी दाखवली आणि एक छापील व्हाउचर पाठवलं: ‘पूर्ण आणि अंतिम समाधानापोटी रक्कम मिळाली, यापुढे माझी काहीही मागणी नाही.’ हाही एक छापील करारच आहे, आणि पुरानंतर चिखल उपसणाऱ्या माणसाकडून तो सही करून घेणं सगळ्यात सोपं असतं.

सही केली म्हणजे सगळे दरवाजे बंद झाले असं नाही. 1999 च्या अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या निकालाप्रमाणे सही फसवणुकीने, दबावाने किंवा चुकीची माहिती देऊन घेतली हे दाखवता आलं, तर ग्राहक तक्रार करू शकतो. विमा नियामकानेही 2015 मध्ये कंपन्यांना कळवलं की व्हाउचरवरची सही दाखवून ग्राहकाचा दाद मागण्याचा हक्क नाकारता येणार नाही. पण 2014 चा जीनस पॉवरचा निकाल दुसरी बाजू दाखवतो. तिथे सही करून पैसे घेतल्यावर काही आठवड्यांनी दबावाची तक्रार केली होती आणि दबावाचा ठोस तपशील नव्हता. न्यायालयाने ती मानली नाही.

म्हणून जे काही म्हणायचं ते सहीच्या आधी आणि सहीच्या दिवशी म्हणा. आमच्या दुकानदारांनी सकाळी ईमेल केला: ‘वरच्या मालाची रक्कम वादात नाही, ती व्हाउचरशिवाय द्यावी.’ दुपारी शाखेतून फोन आला, सही नाही तर चेक नाही. त्यांनी फोनची वेळ आणि बोलणं लिहून लगेच दुसरा ईमेल केला, की व्यापाऱ्यांचं देणं भागवायला पैसे हवेत म्हणून सही करतोय आणि खालच्या मालाची मागणी सोडलेली नाही. मगच सही केली, तारखेसह. व्हाउचरवर जागा असेल तर सहीच्या वर ‘हक्क राखून’ असंही लिहावं. शाखा बहुतेक वेळा ते मान्य करत नाही, पण तसा प्रयत्न केल्याचा ईमेल राहतो.

सहावी पायरी: आकडा नीट मांडा

सर्व्हेअरने नुकसान धरलं होतं वर 3,40,000 आणि खाली 7,60,000 रुपये. भिजलेल्या कापडाचे, म्हणजे सॅल्व्हेजचे, वर 20,000 आणि खाली 40,000 आले. पुराच्या दिवशी एकूण माल 20 लाखांचा आणि विमा 18 लाखांचा, म्हणजे विमा दहा टक्के कमी. त्या प्रमाणात भरपाईही दहा टक्के कमी. शिवाय पॉलिसीप्रमाणे नैसर्गिक आपत्तीत दाव्याच्या पाच टक्के, किमान 10,000 रुपये, ग्राहकाने स्वतः सोसायचे. खालच्या मालाचा हिशोब असा झाला: 7,60,000 मधून 40,000 वजा, उरले 7,20,000, त्याचे नव्वद टक्के 6,48,000, त्यातून पाच टक्के म्हणजे 32,400 वजा. मागणी 6,15,600 रुपये.

दुकानदारांना हे पटत नव्हतं. अटींचं पुस्तक मिळालंच नाही, तर त्यातली ही दोन कलमंही उडवा, असं त्यांचं म्हणणं. तर्क म्हणून ते चुकीचं नव्हतं. पण पाच टक्क्यांचा उल्लेख त्यांना मिळालेल्या त्या एका पानावरच होता, आणि कमी विम्याची कपात हा हप्ता जेवढा भरला तेवढ्याच प्रमाणात पैसे देण्याचा हिशोब आहे. दिलेलं संरक्षण काढून घेणारी ती अट नाही. ज्या अटी रास्त आहेत त्या आपण होऊन मान्य केल्या, की ज्या एका अटीला आपण आव्हान देतो तिच्याकडे आयोग गंभीरपणे बघतो, असा माझा अनुभव आहे.

सर्व्हेअरने नुकसानच कमी धरलं असेल, तर त्याचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. 2009 च्या न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार या निकालात ते स्पष्ट आहे. मात्र खरेदीची बिलं, जीएसटी विवरणं आणि स्टॉक स्टेटमेंट यांचा मेळ बसला पाहिजे.

सातवी पायरी: कुठे जायचं

व्यापाऱ्याला ग्राहक म्हणता येत नाही, हा आक्षेप हमखास येतो. हरसोलिया मोटर्सच्या 13 एप्रिल 2023 च्या निकालाने तो बराचसा मिटवला आहे: विमा नुकसान भरून काढण्यासाठी घेतात, नफा मिळवण्यासाठी नाही.

कोणत्या आयोगात जायचं, हे 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावरून ठरतं, मागितलेल्या रकमेवरून नाही. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. त्यामुळे काही हजारांचा हप्ता भरलेल्या दुकानदाराची तक्रार मागणी कितीही लाखांची असली तरी जिल्हा आयोगातच, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते. ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं पॉलिसीत छापलेलं असलं, तरी चिपळूणच्या माणसाला रत्नागिरीला दाद मागता येते. ऑनलाइन दाखल करायचं तर ई-जागृती पोर्टल आहे.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो वकिलांनाही नडतो. 2019 च्या कायद्याने कलम 2(46) मध्ये ‘अन्यायकारक करार’ अशी व्याख्या पहिल्यांदाच आणली आणि अशा अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार दिला, पण तो राज्य आयोगाला कलम 49 मध्ये आणि राष्ट्रीय आयोगाला कलम 59 मध्ये. जिल्हा आयोगाला दिलेला नाही. तुमच्या तक्रारीची मुख्य विनंती ‘ही अट अन्यायकारक म्हणून रद्द करा’ अशी असेल, तर जिल्हा आयोग अधिकार नाही म्हणून ती परत करू शकतो आणि दरम्यान वर्ष निघून जातं. म्हणून आम्ही लिहिलं ते असं: अट कळवली नाही म्हणून ती तक्रारदारावर बंधनकारक नाही, तिच्या आधारे दावा नाकारणं ही सेवेतली त्रुटी आहे, 6,15,600 रुपये व्याजासह द्यावेत. अन्यायाबद्दल एक परिच्छेद होता, पण तो विनंतीत नव्हता. बँकेलाही दुसरा विरुद्ध पक्ष केलं, म्हणजे दोघांना एकमेकांकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. 2020 मध्ये हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या खटल्यात घटनापीठाने ही मुदत पक्की केली, त्यामुळे 46 व्या दिवशी आलेल्या उत्तरावर लगेच लेखी हरकत घ्या.

आमच्या प्रकरणात कंपनीला पुस्तक पाठवल्याची पोच शेवटपर्यंत दाखवता आली नाही. आयोगाने तेवढ्याच मुद्द्यावर खालच्या मालाची रक्कम व्याजासह मंजूर केली. ती जागा तळघर की तळमजला, हे ठरवण्याची गरजच उरली नाही आणि अट अन्यायकारक आहे की नाही, यावर निकालात एक ओळही नाही. दुकानदारांना याचं थोडं वाईट वाटलं. आपल्यावर अन्याय झाला, हे कोणीतरी लिहून द्यावं असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी बँकेला आणि कंपनीला दोन ओळींचा ईमेल पाठवला: ‘माझा माल वरच्या गाळ्यात आणि पायऱ्या उतरून खालच्या गोदामात, दोन्हीकडे असतो. खालचा माल विम्यात धरला आहे का ते लेखी कळवावं आणि अटींचं पूर्ण पुस्तक पाठवावं.’ आठवड्याने उत्तर आलं. खालच्या गोदामासाठी हप्ता थोडा वाढवून पॉलिसीत त्याचा वेगळा उल्लेख केला होता, आणि सोबत सगळी पानं जोडलेली होती.